स्पीकर आणि ब्लूटूथ हेडफोन एकदम लावले की आवाज मागेपुढे का होतो, आणि तो कसा जुळवायचा

प्रश्न: नमस्कार, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, त्याला पिनने दोन स्पीकर लावलेत आणि संध्याकाळी सगळे मिळून यूट्यूबवर नाहीतर पेनड्राइव्हवरून नाटकं बघतो. आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांच्यासाठी ब्लूटूथ हेडफोन आणला, पण तो जोडला की स्पीकर बंद पडतात. मग कुणीतरी सांगितलं म्हणून Stereo Mix वालं सेटिंग केलं, आता दोन्हीकडे आवाज येतो पण आजोबा म्हणतात प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. व्हॉइसमीटर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं तर हे जाईल का?

उत्तर:

जाईल, पण नुसतं टाकून नाही जाणार, टाकल्यावर त्यात एक आकडा भरावा लागेल आणि तो आकडा तुमच्या घरातच मोजावा लागेल. आणि यूट्यूबसाठी तेवढ्यानेही पूर्ण समाधान होणार नाही, ते का ते पुढे सांगतो. मी इथे इंदूरलाच छोट्या कार्यक्रमांचं साउंड आणि लोकांच्या घरचे, क्लासचे कॉम्प्युटर सेटअप करतो, आणि ही तक्रार माझ्याकडे जवळजवळ नेहमी घरातल्या म्हाताऱ्या माणसामुळेच येते, त्यामुळे तुमचं चित्र डोळ्यासमोर उभं राहिलं.

आधी एक बघा. आजोबा दुसऱ्या खोलीत बसून ऐकत असते तर तुम्ही केलेलं सेटिंग बरोबरच होतं, त्यात बदलायला काही नव्हतं. अडचण अशी आहे की ते त्याच खोलीत बसतात, हेडफोनच्या गादीतून स्पीकरचा आवाजही त्यांच्या कानापर्यंत पोचतो, म्हणजे एकाच कानात दोन वाटांनी तेच वाक्य येतंय आणि दोन वाटांना लागणारा वेळ वेगळा आहे. बोलण्याच्या बाबतीत हा फरक साधारण ३०-४० मिलिसेकंदांच्या आत असला तर कान दोन्ही आवाज एकच समजतो, त्याच्या बराच वर गेला की दुसरा आवाज वेगळा, प्रतिध्वनीसारखा ऐकू यायला लागतो. त्यामुळे दोन्हीकडे आवाज पाठवणं हे दहा मिनिटांचं काम आहे, खरं काम आहे ते दोन्ही वेळेत जुळवण्याचं.

आता Stereo Mix मध्ये काय होतंय ते समजून घ्या म्हणजे ते का सुधरवता येणार नाही ते लक्षात येईल. विंडोज एका वेळी एकच डिफॉल्ट आउटपुट धरतं, तुमच्याकडे ते रिअलटेकचं कार्ड, म्हणजे पिनवाले स्पीकर. Stereo Mix म्हणजे त्या कार्डावर जे वाजतंय तेच परत रेकॉर्डिंगच्या बाजूने मिळणं. तुम्ही त्याच्या Listen टॅबमध्ये `Listen to this device` ला टिक केली आणि खाली ब्लूटूथ हेडफोन निवडला, बरोबर? म्हणजे आवाज आधी स्पीकरला गेला, तिथून उचलला गेला, विंडोजने तो थोडा साठवून पुढे ढकलला, मग ब्लूटूथने तो दाबून छोटा केला, हवेतून पाठवला, हेडफोनने परत उलगडला आणि मग वाजवला. नुसतं ब्लूटूथच साध्या एसबीसी कोडेकवर, म्हणजे आवाज दाबायच्या नेहमीच्या पद्धतीवर, साधारण १५० ते २५० मिलिसेकंद खातं, त्यात हे Listen चे आणखी काही दशक मिलिसेकंद. स्पीकर पहिल्या क्षणी वाजून मोकळे होतात आणि हेडफोन पाव सेकंद मागून येतो. हे जुळवायचं तर स्पीकरला पाव सेकंद थांबवून धरायला हवं, आणि या रस्त्यात स्पीकरला थांबवायची जागाच कुठे नाही, आवाज मुळात तिथूनच उचलला जातोय. उलटं करून, ब्लूटूथ डिफॉल्ट ठेवून Stereo Mix स्पीकरला द्यावं म्हणाल तर तेही चालत नाही, कारण Stereo Mix ला फक्त रिअलटेकवर वाजणारं ऐकू येतं, ब्लूटूथवर वाजणाऱ्याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून ते आता बंद करून टाका, Win+R दाबून `mmsys.cpl` उघडा, Recording टॅब, Stereo Mix, Properties, Listen, टिक काढा. हे काढायचं विसरलात आणि वर व्हॉइसमीटर चढवलं तर दोनाचे तीन आवाज होतात आणि मग काय कुठून येतंय ते शोधत बसावं लागतं.

व्हॉइसमीटरच्या आधी मी तुम्हाला एक वायरीची गोष्ट सांगणार आहे, कारण तुमच्या केसमध्ये मला तीच जास्त पटते. तुमचे स्पीकर पिनवरच आहेत. आजोबांसाठी वायरचा हेडफोन घेतला आणि लॅपटॉपच्या जॅकला एकाचे दोन करणारं कनेक्टर लावलं तर दोघांना तोच सिग्नल त्याच क्षणी मिळतो, उशीर शून्य, सॉफ्टवेअर काही नाही, यूट्यूब असो की पेनड्राइव्ह. आजोबांच्या खुर्चीपर्यंत तीन-साडेतीन मीटरची एक्स्टेन्शन वायर लागेल, ती भिंतीच्या कडेने न्या म्हणजे कुणाच्या पायात येणार नाही. आवाज अर्धा होईल अशी भीती बऱ्याच जणांना असते, ती इथे नाही, कारण तुमचे स्पीकर स्वतःच्या पॉवरवर चालतात, त्यांच्या आत अॅम्प्लिफायर आहे, त्यांच्या इनपुटचा रेझिस्टन्स हजारो ओहममध्ये असतो आणि हेडफोनचा साधारण ३२ ओहम, त्यामुळे स्पीकर जॅकमधून जवळजवळ काही ओढतच नाहीत. दोन हेडफोन एका जॅकवर लावले तर फरक पडू शकतो, एक हेडफोन आणि एक पॉवरचा स्पीकर याला नाही. आवाज वेगवेगळा ठेवायचा तर लॅपटॉपचा व्हॉल्यूम आजोबांच्या हिशोबाने ठेवा आणि स्पीकरचा त्याच्या गोल बटनावरून कमी करा.

फक्त विकत घेताना एक बघा. जेल रोडवर कुठल्याही दुकानात ‘एकाचे दोन’ मागितलं तर दोन वेगळ्याच वस्तू तशाच दिसतात. एकात दोन्ही भोकांवर हेडफोनचं चित्र असतं, ती आपली. दुसरीत एका भोकावर हेडफोन आणि एकावर माइकचं चित्र असतं, ती लॅपटॉपच्या एकाच जॅकमधून हेडफोन आणि माइक वेगळे काढण्यासाठी असते, तिच्या माइकवाल्या भोकात स्पीकर लावला तर तो मुका राहतो आणि माणूस समजतो स्पीकर गेला. दुकानातच मोबाइलला लावून दोन्ही भोकं ऐकून घ्या. (ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे, स्पीकर मागे आणि हेडफोन पुढच्या जॅकला, त्यांना बऱ्याचदा हेही लागत नाही, रिअलटेकच्या कन्सोलमध्ये पुढचा हेडफोन लावल्यावर मागचं आउटपुट म्यूट करायचं जे सेटिंग असतं तेवढं काढलं की दोन्ही एकदम वाजतात.)

पण आजोबांना वायर नको असेल, उठताना ओढली जाते, किंवा हेडफोन आधीच आणलाय आणि तोच वापरायचाय, तेही समजू शकतो. मग व्हॉइसमीटर. हे व्हीबी-ऑडिओ म्हणून एक फ्रेंच मंडळी आहेत त्यांचं सॉफ्टवेअर आहे, डोनेशनवेअर, म्हणजे वापरून बघा आणि उपयोगाचं वाटलं तर पैसे द्या असं. त्याच्या तीन आवृत्त्या आहेत, तुम्ही मधली घ्या, व्हॉइसमीटर बनाना, कारण आपल्याला जो उशिराचा आकडा भरायचाय तो त्यात भरता येतो आणि आजोबांच्या आवाजाला वेगळा इक्वलायझर लावता येतो. त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, आणि इन्स्टॉल झाल्यावर लॅपटॉप रिस्टार्ट करा, हे टाळू नका, रिस्टार्टशिवाय त्याचं नकली साउंड कार्ड नीट बसत नाही.

नकली साउंड कार्ड म्हणजे काय, तर विंडोजला वाटतं की हे एक खरं कार्ड आहे आणि ते सगळा आवाज त्याला देऊन टाकतं. व्हॉइसमीटर तो आवाज घेऊन हवा तितक्या खऱ्या उपकरणांना वाटतं. पाण्याच्या टाकीसारखं समजा, नळ किती आणि कुठल्या खोलीत ते तुम्ही ठरवायचं. त्यामुळे सेटिंगही दोन भागात होतं, आधी विंडोजला सांगायचं की आवाज या टाकीत टाक, आणि मग टाकीला सांगायचं की इथे आणि इथे सोड.

पहिला भाग: आधी ब्लूटूथ हेडफोन चालू करून जोडून घ्या, आणि मगच विंडोजच्या Settings मध्ये System, Sound मध्ये जाऊन आउटपुट म्हणून Voicemeeter Input निवडा. हाच क्रम ठेवा, कारण ब्लूटूथ जोडलं गेलं की विंडोज बऱ्याचदा आपणहून डिफॉल्ट आउटपुट हेडफोनवर नेतं. ओळखायचं कसं, तर आवाज फक्त हेडफोनमध्ये येतोय आणि व्हॉइसमीटरच्या पट्ट्या हलतच नाहीयेत, म्हणजे आवाज टाकीला वळसा घालून थेट गेला. परत आउटपुट बदला, झालं.

दुसरा भाग: व्हॉइसमीटर बनाना उघडा, उजवीकडे वर A1, A2, A3 अशी बटनं आहेत. A1 वर क्लिक करून यादीतून `WDM` ने सुरू होणारं रिअलटेक स्पीकरचं नाव निवडा, A2 वर क्लिक करून तसंच `WDM` वालं हेडफोनचं नाव. हेडफोनची दोन नावं दिसली, एकात Stereo किंवा Headphones आणि दुसऱ्यात Hands-Free, तर Hands-Free वालं घेऊ नका, तो फोनवर बोलण्याचा मोड आहे, आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा येतो आणि आजोबा लगेच म्हणतील की हेडफोन खराब आणला. मग मधल्या भागात Virtual Inputs मधल्या पहिल्या पट्टीवर A1 आणि A2 ही दोन्ही छोटी बटनं पेटलेली ठेवा, आणि डावीकडची माइकची इनपुटं रिकामी राहू द्या. नाटक लावा, दोन्हीकडे आवाज यायला पाहिजे.

A1 ला स्पीकरच ठेवा, हेडफोन नको. अदलाबदल केली तर आवाज तर येतो, म्हणून लोकांना फरक कळत नाही, पण A1 वर जे उपकरण असतं त्याच्या घड्याळावर व्हॉइसमीटरचं सगळं इंजिन चालतं. ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी संपली किंवा आजोबा तो कानावर ठेवूनच आतल्या खोलीत गेले आणि कनेक्शन तुटलं, तर A1 वर हेडफोन असल्यास स्पीकरसकट सगळंच थांबतं. वायरीचं उपकरण A1 ला असलं की हेडफोन गेला तरी बाकीच्यांचं नाटक चालू राहतं.

घड्याळाचं थोडं अजून सांगतो कारण पुढे तक्रार आली तर तिचं मूळ इथेच सापडेल. प्रत्येक साउंड उपकरणात स्वतःचं क्रिस्टल असतं आणि तेच ठरवतं की एका सेकंदात ४८,००० नमुने वाजवायचे. दोन क्रिस्टल कधीच हुबेहूब सारखी चालत नाहीत. समजा दोघांमध्ये वीस हजारात एकाचा फरक आहे, जो स्वस्त उपकरणांत अगदी सहज असतो, तर ३,६०० सेकंदांच्या एका तासात ०.१८ सेकंदाचा फरक साठतो, म्हणजे नाटकाच्या पहिल्या अंकात जुळवलेलं तिसऱ्या अंकात परत दोनदा ऐकू यायला लागेल. चांगलं सॉफ्टवेअर मागे पडणाऱ्या आवाजाला अगदी बारीक ताणून किंवा दाबून बरोबर ठेवतं, व्हॉइसमीटर हे A2 साठी आपोआप करतं. पण त्याला नीट जमत नसेल तर ठराविक वेळाने कुटकन आवाज येतो किंवा बोलणं यंत्रासारखं घोगरं होतं. तसं झालं तर `mmsys.cpl` मध्ये Playback मधल्या स्पीकरच्या आणि Voicemeeter Input च्या Properties, Advanced मध्ये दोन्हींना 48000 Hz करा, व्हॉइसमीटरच्या Menu मधून System Settings उघडून तिथेही Preferred Main SampleRate 48000 करा, आणि तरी राहिलं तर तिथलाच WDM चा बफर, म्हणजे आवाज थोडा साठवून ठेवायची जागा, एक पायरी मोठा करा किंवा A2 ला `WDM` ऐवजी `MME` निवडून बघा. MME ला उशीर जास्त लागतो पण ते जास्त सोशिक आहे, आणि उशीर आपण तसाही मोजून भरणारच आहोत. हे सगळं मोजण्याच्या आधी ठरवून टाका, कारण नंतर बफर बदलला की आकडाही बदलतो.

आता तो आकडा. लोक इथे अंदाजाने २०० टाकतात, मग कमी-जास्त करत बसतात, त्यापेक्षा मोजायला पाच मिनिटं लागतात. यूट्यूबवर मेट्रोनोम ६० बीपीएमचा कुठलाही व्हिडिओ लावा, म्हणजे दर सेकंदाला एक टिक. हेडफोन आजोबांच्या खुर्चीवर ठेवा आणि एका कपाला मोबाइलचा माइक चिकटवून ठेवा, स्पीकरचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा करा म्हणजे तोही माइकमध्ये नीट येईल. मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ती फाइल लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मोबाइलची m4a फाइल नाही उघडली तर wav मध्ये रेकॉर्ड करणारं कुठलंही अॅप घ्या. झूम केलं की दर सेकंदाला एक नाही, दोन उंचवटे दिसतील, पहिला स्पीकरचा आणि नंतरचा हेडफोनचा. पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत माउसने सिलेक्ट करा, खाली सिलेक्शनची लांबी दिसते. समजा पहिला ४.०१२ सेकंदाला आणि दुसरा ४.२३८ ला आहे, तर फरक २२६ मिलिसेकंद. अशा तीन-चार जोड्या मोजा, थोडं मागेपुढे येईल, मधला आकडा धरा. कुठला उंचवटा कुणाचा अशी शंका आली तर स्पीकर क्षणभर बंद करा, जो गायब झाला तो स्पीकरचा.

खुर्चीवरच का मोजायचं, तर आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज आजोबांपर्यंत ९ मिलिसेकंदांनी पोचतो, तेही या मापात आपोआप धरलं जातं, वेगळा हिशोब नको.

मग व्हॉइसमीटरच्या Menu मधून System Settings उघडा, तिथे Monitoring Synchro Delay म्हणून A1, A2, A3 चे रकाने आहेत. A1 च्या रकान्यात तुमचा २२६, A2 मध्ये शून्य. इथे गल्लत होते बरं का, मागून येणाऱ्या हेडफोनला आकडा द्यायचा नाही, पुढे पळणाऱ्या स्पीकरला द्यायचा, कारण उशिरा येणाऱ्याला लवकर आणता येत नाही, लवकर येणाऱ्यालाच थांबवता येतं. कमाल ५०० पर्यंत जातं, म्हणजे तुम्हाला पुरून उरेल. परत एकदा मेट्रोनोम रेकॉर्ड करून बघा, आता दोन उंचवटे एकमेकांवर बसले पाहिजेत. १५-२० मिलिसेकंद इकडेतिकडे राहिले तर सोडून द्या, हेडफोन प्रत्येक वेळी नव्याने जोडला की तेवढं तसंही हलतं. पण कधी एकदम ऐंशी-शंभरचा फरक जाणवला तर Menu मधलं Restart Audio Engine एकदा दाबा, बहुतेक वेळा जागेवर येतं. हेडफोन मध्येच तुटून परत जोडला आणि A2 वर आवाज येईना तर तेव्हाही हेच दाबायचं.

इथपर्यंत आलात की आजोबांचं दोनदा ऐकू येणं थांबेल. पण आता दुसरी गोष्ट झालीय, स्पीकर आणि हेडफोन दोघांनाही आपण पाव सेकंद मागे आणलं आणि चित्र तिथेच राहिलं, म्हणजे नटाचे ओठ आधी हलणार आणि शब्द नंतर येणार, आणि आता ते घरातल्या सगळ्यांना दिसणार. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची टीव्हीसाठी एक शिफारस आहे, तिच्यात आवाज चित्राच्या मागे साधारण १२५ मिलिसेकंद गेला की लोकांना ते जाणवतं आणि १८५ च्या पुढे गेलं की खपत नाही असं धरलंय. आपण २२६ वर आहोत.

पेनड्राइव्हवरच्या नाटकांना यावर चांगला उपाय आहे. व्हीएलसीमध्ये लावा आणि नाटक चालू असताना कीबोर्डवर `J` दाबा, प्रत्येक दाबण्याला आवाज ५० मिलिसेकंदांनी लवकर येतो, `K` ने उलटा जातो. चार वेळा `J` दाबलं की २०० झाले, उरलेले पंचवीस-तीस कुणाला कळणार नाहीत. इथे आवाज लवकर आणता येतो कारण फाइल अख्खी समोर आहे, प्लेयर पुढचं आधी वाचू शकतो.

यूट्यूबला ब्राउझरमध्ये अशी कळ नाही. तुम्ही म्हणाल नुसता हेडफोन लावून यूट्यूब बघतो तेव्हा तर ओठ बरोबर जुळतात. जुळतात, कारण थेट ब्लूटूथवर वाजवताना विंडोज ब्राउझरला सांगू शकतं की या उपकरणाला इतका उशीर लागतो, आणि ब्राउझर तेवढं चित्र मागे धरतो. मध्ये व्हॉइसमीटर आलं की ब्राउझरला फक्त ते नकली कार्ड दिसतं, त्याच्या पलीकडे ब्लूटूथ आहे हे त्याला कळायला मार्गच नाही, म्हणून तो चित्र थांबवत नाही. आवाज पुढेमागे करणारी एक्स्टेन्शनं मिळतात पण ती आवाज अजून उशिरा करतात, आपल्याला पाहिजे उलटं. म्हणून तुमचं पाहणं जास्त करून यूट्यूबवर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, वायरवाला हेडफोन घ्या, आणि वायर नकोच असेल तर यूएसबीत छोटा डोंगल लागतो तसला २.४ गिगाहर्ट्झचा हेडफोन, जो गेम खेळणारे वापरतात. त्याचा उशीर ब्लूटूथपेक्षा बराच कमी असतो, तो A2 ला लावून वरच्याच पद्धतीने मोजलात तर A1 मध्ये छोटासाच आकडा भरावा लागतो आणि ओठांचा प्रश्न उरत नाही. घेण्याआधी खोक्यावर बघा की डोंगल खरोखर सोबत आहे, नुसतं ‘वायरलेस’ लिहिलेलं बऱ्याचदा ब्लूटूथच असतं. गाण्याच्या क्लासवाले कुणी हे वाचत असतील, तानपुरा लॅपटॉपवरून स्पीकरला आणि गाणाऱ्याच्या कानात द्यायचा असेल, तर ब्लूटूथचा विचारच करू नका, समोर प्रत्यक्ष गाणारा माणूस असताना कुठलाही आकडा भरून ते जुळत नाही, तिथे वायरच.

वायर घेतलीत तरी व्हॉइसमीटर ठेवण्याचं एक कारण तुमच्याकडे आहे, आणि ते मला उशिरापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. वयाने कमी ऐकू येतं त्यात बहुतेकांचे उंच स्वर आधी जातात, म्हणजे स, श, त, फ अशी व्यंजनं. आवाज येतो पण शब्द कळत नाही, म्हणून ते आवाज वाढव वाढव करतात आणि मोठ्या आवाजाचा कानाला त्रास होतो. बनानामध्ये A2 च्या पट्टीवर EQ बटन आहे, त्यावर राइट क्लिक केलं की इक्वलायझर उघडतो, तो फक्त आजोबांच्या हेडफोनला लागतो, तुमच्या स्पीकरला नाही. २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास ४-५ डीबी वाढवा आणि २०० च्या खाली थोडं कमी करा, मग A2 चा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, आधी होता त्यापेक्षा खाली आणून बघा. बऱ्याचदा कमी आवाजातच संवाद कळायला लागतात. एका कानाला जास्तच कमी ऐकू येत असेल तर तिथलंच mono बटन दाबा, नाहीतर नाटकात रंगमंचाच्या एका बाजूला बोलणाऱ्या पात्राचे शब्द त्या कानाकडेच जातात. आणि ते श्रवणयंत्र वापरत असतील तर त्यावर हेडफोन चालेल का ते त्यांच्या ऑडिओलॉजिस्टला विचारूनच करा, शिट्टी वाजू शकते.

लक्षात घ्या, हा इक्वलायझर लावायचा तर हेडफोन A2 वर वेगळं उपकरण म्हणून असला पाहिजे. एकाचे दोन करणाऱ्या कनेक्टरवर दोन्हीकडे तेच जातं, तिथे हे जमत नाही. वायरचा हेडफोन आणि वेगळा इक्वलायझर दोन्ही हवं असेल तर एक छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या, हेडफोन त्याला लावा आणि ते A2 ला द्या, मी घरगुती कामात शेवटी बहुतेक ठिकाणी हेच बसवतो. त्याचाही थोडा उशीर असतो पण तो ब्लूटूथच्या आसपासही नसतो.

खाली कॉमेंटमध्ये दोघांनी मॅक आणि लिनक्सचं विचारलंय, तेवढं पटकन. मॅकमध्ये काही टाकायची गरज नाही, Utilities मध्ये Audio MIDI Setup उघडा, खालच्या + वरून Create Multi-Output Device, दोन्ही उपकरणांना टिक, वायरीचं Primary करा आणि दुसऱ्याला Drift Correction ला टिक, जे वर घड्याळाचं सांगितलं तेच इथे हाताने लावायचं. मग कीबोर्डवरून व्हॉल्यूम चालत नाही, प्रत्येकाचा वेगळा ठेवावा लागतो, हा त्याचा स्वभाव आहे, बिघाड नाही. लिनक्सवर एक ओळ पुरते:

```
pactl load-module module-combine-sink
```

मग साउंड सेटिंगमध्ये एकत्र आउटपुट दिसतं ते निवडा, रिस्टार्ट केल्यावर ही ओळ परत द्यावी लागते.

शेवटचं तुमच्या घरच्यांसाठी. व्हॉइसमीटर बंद असताना विंडोजचं आउटपुट Voicemeeter Input वर राहिलं तर लॅपटॉप पूर्ण मुका होतो, आणि तुम्ही ऑफिसला असताना घरून फोन येतो की आवाजच गेला. त्यासाठी Menu मध्ये Run on Windows Startup ला टिक करा, आणि तिथलंच Hook Volume Keys पण चालू करा म्हणजे कीबोर्डच्या बटनांनी स्पीकरचा आवाज कमीजास्त होईल आणि आजोबांचा आहे तिथेच राहील. मोजून आकडा किती आला आणि हेडफोन कुठला आहे ते इथे लिहा, आकडा ३०० च्या वर गेला तर बहुतेक MME चा बफर मोठा झालेला असतो, ते बघून सांगतो.